गोळ्यांच्या पट्टीवरचा मजकूर

गोळ्यांच्या पट्टीच्या पाठीमागे दोन प्रकारचा मजकूर असतो. औषधाचे नाव, घटक, इशारे, साठवणुकीची सूचना आणि कंपनीचा पत्ता हा मजकूर फॉइलवर आधीच छापलेला असतो आणि त्या औषधाच्या प्रत्येक पट्टीवर तो सारखाच असतो. बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, मुदत संपण्याची तारीख आणि किंमत मात्र गोळ्या बंद होताना यंत्रावर वेगळी उमटवली जाते. हा दुसरा मजकूर बहुतेक वेळा पट्टीच्या एका टोकाला, बारीक अक्षरांत आणि काही वेळा तर बिनशाईचा, नुसता दाबून उठवलेला असतो. तो दिसला नाही तर पट्टी उजेडात तिरकी धरून पाहावी.

अ‍ॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड या जोडीची गोळी उदाहरण म्हणून घेता येईल. दात, घसा किंवा सायनसच्या जंतुसंसर्गासाठी डॉक्टर ती लिहून देतात. घरोघरी ती ‘सहाशे पंचवीसची गोळी’ म्हणून ओळखली जाते. ती अनेक कंपन्यांच्या नावांनी मिळते, पण पट्टीवरच्या घटकांच्या ओळीत थोड्याफार फरकाने हेच लिहिलेले असते : अ‍ॅमॉक्सिसिलिन ट्रायहायड्रेट आय. पी., ५०० मिलिग्रॅम अ‍ॅमॉक्सिसिलिनइतके. पोटॅशियम क्लॅव्ह्युलॅनेट, १२५ मिलिग्रॅम क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडइतके. ‘आय. पी.’ म्हणजे भारतीय औषधसंहितेत त्या पदार्थासाठी ठरवलेला दर्जा. ‘इतके’ या शब्दाचे कारण असे की गोळीत औषध पाणी किंवा क्षार जोडलेल्या रूपात घातलेले असते. त्या रूपाचे वजन जास्त भरते, म्हणून लेबल प्रत्यक्ष उपयोगी पडणारे वजन सांगते.

६२५ हा आकडा म्हणजे नुसती ५०० आणि १२५ची बेरीज. हे न कळल्याने एक चूक होते. याच जोडीची ३७५ची गोळीही मिळते आणि तिच्यात २५० व १२५ असे प्रमाण असते. ६२५ची मिळाली नाही म्हणून ३७५च्या दोन घेतल्या, तर अ‍ॅमॉक्सिसिलिन बरोबर ५०० होते, पण क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दुप्पट जाते आणि जुलाबांची शक्यता वाढते. मोठ्या आकड्यापेक्षा घटकांची ओळ वाचणे जास्त कामाचे, ते यासाठी. ज्याला पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी आहे त्याच्या दृष्टीने तर हीच ओळ सर्वांत महत्त्वाची, कारण अ‍ॅमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्याच कुळातले आहे आणि कंपनीने ठेवलेल्या नावात त्याचा मागमूसही नसतो. काही संयुक्त औषधे वगळता मूळ औषधाचे नाव कंपनीच्या नावापेक्षा मोठ्या अक्षरांत छापावे, असा नियम २०१८पासून आहे. त्यामुळे ते शोधणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे.

पट्टीच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ असेल, तर ते औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नये. प्रतिजैविकांचा मनमानी वापर थांबवण्यासाठी २०१६मध्ये केंद्र सरकारने या रेघेची मोहीम चालवली. रेघेजवळ किंवा नावापाशी ‘आरएक्स’ ही अक्षरे असतात. ती लाल असतील आणि लाल चौकटीत इशारा असेल, तर औषध अधिक कडक नियंत्रणाच्या यादीतले आहे.

आता उमटवलेला मजकूर. बॅच म्हणजे एकाच वेळी, एकाच प्रक्रियेतून तयार झालेला गोळ्यांचा घाणा. कच्चा माल एक, मिश्रण एक, तपासणीही एकच. ‘बी. नं.’ किंवा ‘लॉट नं.’ यापुढची अक्षरे आणि आकडे ही त्या घाण्याची ओळख असते. ती कशी रचायची हे प्रत्येक कंपनी आपापले ठरवते, त्यामुळे त्यातून वर्ष किंवा कारखाना ओळखायचा प्रयत्न बहुधा फसतो. बॅच नंबर वाचायचा नसतो, जुळवायचा असतो. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना दर महिन्याला तपासणीत नापास झालेल्या औषधांची यादी प्रसिद्ध करते. त्यात औषधाच्या नावासोबत बॅच नंबर, दोन्ही तारखा आणि नापास होण्याचे कारण असते. एखाद्या गोळीचे नाव अशा यादीत आले की लोक ते औषधच टाकून देतात. प्रत्यक्षात दोष त्या एका बॅचचा असतो आणि हातातल्या पट्टीचा नंबर वेगळा असेल, तर ती यादी तिच्याबद्दल काहीच सांगत नाही.

अडचण येते ती कापलेल्या पट्टीची. समजा, डॉक्टरांनी दिवसातून दोन अशा सात दिवसांच्या चौदा गोळ्या लिहून दिल्या. दुकानदार दहाची एक अखंड पट्टी देतो आणि दुसऱ्या पट्टीतून चार कापून देतो. या चार गोळ्या बऱ्याचदा वेगळ्या बॅचच्या असतात, आणि तुकडा बिनछापाच्या टोकाकडचा असेल तर त्यावर ना नंबर ना तारीख. अशा वेळी उरलेली पट्टी मागून तिच्यावरची तारीख वाचावी आणि बिल घ्यावे, कारण बिलावर बॅच नंबर असतो. घरी गोळ्या काढतानाही छापाकडचे टोक शेवटपर्यंत राखले, तर उरलेल्या एका गोळीचीही ओळख टिकते.

मुदतीची तारीख महिना आणि वर्ष अशी दोनच भागांत असते. भारतीय नियमानुसार तिचा अर्थ त्या महिन्याचा शेवटचा दिवस असा होतो. वरच्या उदाहरणातल्या चार गोळ्यांच्या पट्टीवर उत्पादन ऑगस्ट २०२४ आणि मुदत जानेवारी २०२६ आहे असे धरू. म्हणजे ३१ जानेवारी २०२६पर्यंत त्या चालतील. रुग्णाने २६ जानेवारीला रात्री पहिली गोळी घेतली, तर चौदावी २ फेब्रुवारीला सकाळी येते. चार गोळ्यांचा तुकडा शेवटी ठेवला, तर त्यातल्या तीन मुदतीनंतर पोटात जातील. आधी वापरला तर २८ तारखेच्या सकाळीच तो संपेल. तरीही दुसरी पट्टी मागणे सरळ, कारण कोर्स रेंगाळतो, एखादी गोळी विसरते. विकत घेताना मुदत त्या दिवसाशी ताडून भागत नाही, शेवटच्या गोळीच्या दिवसाशी ताडावी लागते.

ही तारीख ठरते कशी, हे कळले की तिची मर्यादाही कळते. कंपनी गोळ्या विक्रीच्याच पॅकिंगमध्ये ठरावीक उष्णता आणि आर्द्रतेत ठेवून वेळोवेळी तपासते. त्यातली एक वेगवान चाचणी ४० अंश सेल्सियस आणि ७५ टक्के आर्द्रतेत सहा महिने चालते. अनेक गोळ्यांसाठी छापलेल्या प्रमाणाच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी औषध उरता कामा नये, अशी हद्द असते. मुदतीच्या दुसऱ्या दिवशी गोळी विषारी होते असे नाही. पण तिच्यात किती औषध उरले आहे याची हमी कोणी देत नाही. प्रतिजैविकाच्या बाबतीत ही बाब क्षुल्लक नाही, कारण अपुऱ्या मात्रेत जंतू मरत नाहीत. आणि ही हमी दोन अटींवर आहे : गोळी मूळ पॅकिंगमध्ये असावी आणि पट्टीवरच्या सूचनेनुसार ठेवलेली असावी. गोळ्या सोलून डबीत भरून ठेवल्या, तर छापलेली तारीख त्यांना लागू राहत नाही.

साठवणुकीची सूचना म्हणूनच तारखेइतकी महत्त्वाची, पण लोक ती वाचत नाहीत. या जोडगोळीवर सहसा कोरड्या जागी, उजेडापासून दूर आणि २५ अंशांपेक्षा जास्त नसलेल्या तापमानात ठेवण्यास सांगितलेले असते. यातला ‘कोरड्या’ हा शब्द खरा कळीचा आहे. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिड दमटपणाने झपाट्याने विघटते. म्हणून या गोळ्या दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीत येतात आणि काही कंपन्या पट्टीभोवतीच्या पाकिटात ओल शोषणारी पुडीही घालतात. पारदर्शक प्लास्टिकच्या खणांतून थोडीफार वाफ आत जाते, धातूच्या फॉइलमधून ती जात नाही. पण कापताना कात्री शेजारच्या खणाला लागली किंवा फॉइलला टाचणीएवढे भोक पडले, की सगळी व्यवस्था वाया. पावसाळ्यात कोकणात किंवा गोव्यात अशी फुटलेली पट्टी स्वयंपाकघरात राहिली, तर पांढऱ्या गोळीवर पिवळे-तपकिरी डाग येऊ लागतात. डाग पडलेली गोळी, मुदत असली तरी, घेऊ नये. अ‍ॅस्पिरिनची खूण याहून सोपी : ओलीने तिचे विघटन होऊन अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड तयार होते आणि पट्टी उघडताच व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. अर्थात, रंग-वास जसाच्या तसा असतानाही औषध कमी झालेले असू शकते, त्यामुळे चांगले दिसणे हा पुरावा नव्हे.

औषधसंहितेच्या भाषेत ‘थंड’ म्हणजे ८ अंशांपर्यंत, साधारणपणे २ ते ८, म्हणजे फ्रिज. तर ‘गार’ म्हणजे ८ ते २५ अंश. ‘३० अंशांपेक्षा जास्त नको’ असे लिहिलेल्या गोळीसाठी फ्रिज लागत नाही. वारंवार आतबाहेर करण्याने उलट पट्टीवर दव धरते. विदर्भात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा घराच्या आतल्या खोलीतले, भिंतीच्या सावलीतले कपाट बरे. माठाशेजारी गारवा असतो, पण ओलही असते. गॅसच्या शेगडीवरचे फडताळ, फ्रिजचा माथा, न्हाणीघरातली फळी आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी या जागा टाळाव्यात. एखाद्या दुपारच्या उन्हाने गोळी लगेच वाया जात नाही. आठवडेच्या आठवडे चाललेली उष्णता तिची मुदत आतून खात राहते.

तारखेवर चिकटवलेला कागद, खरवडलेले किंवा पुसट केलेले आकडे, ‘विक्रीसाठी नाही’ असे छापलेली सरकारी पुरवठ्याची किंवा डॉक्टरांना नमुना म्हणून दिलेली पट्टी दुकानात विकत दिली जात असेल, तर ती घेऊ नये. महाराष्ट्रात अशी तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या निःशुल्क क्रमांकावर करता येते. गोळी घेतल्यावर अंगावर पुरळ उठणे किंवा असा दुसरा त्रास झाला, तर त्याची नोंद देशाच्या औषधदक्षता कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर होते. दोन्हीकडे औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच नंबर विचारला जातो. रिकामी झालेली पट्टी कोर्स संपेपर्यंत कचऱ्यात टाकायची नसते ती याच कारणासाठी.