एका अंगठीतली नऊ रत्नं

दुरुस्तीच्या टेबलावर नवरत्नाची अंगठी आली की आम्ही आधी मोती बघतो. रोज घातलेली अशी एक अंगठी घेऊन एक काकू आल्या आणि रागानंच म्हणाल्या, "माणिक अजून लखलखतंय, मग मोती नि पोवळंच कसं उतरलं? खोटं बसवलंत का?"

दहापट भिंग लावलं. मधल्या माणकाच्या पैलूंच्या कडा नव्यासारख्या धारदार होत्या. गोमेदाच्या कडा बोथटल्या होत्या. पोवळ्याचं पॉलिश गेलं होतं, आणि कल्चर्ड मोत्याचा वरचा थर माथ्यावर इतका झिजला होता की आतला मणी दिसत होता. रत्नं सगळी खरी होती, फक्त कठीणपणा वेगवेगळा होता.

1812 साली जर्मन खनिजशास्त्रज्ञ फ्रीडरिश मोह्स यांनी दहा खनिजं कठीणपणाच्या क्रमानं लावून त्यांना आकडे दिले. प्रत्येक खनिज आपल्या खालच्यावर चरा पाडतं. तळाला शंखजिरं, वर हिरा. हे आकडे म्हणजे नुसती रांग, समान अंतराची मापं नव्हेत. माणिक-नीलम 9 वर आणि हिरा 10 वर असले, तरी हिरा त्यांच्यापेक्षा कित्येक पट कठीण असतो.

आमच्या कामात खरा आकडा 7. घरातल्या धुळीत क्वार्ट्झचे कण असतात आणि क्वार्ट्झ 7 वर बसतं. अंगठी पदराला पुसली की तीच धूळ रत्नावर घासली जाते. माणकाला तिचं काही वाटत नाही. गोमेद जेमतेम 7 च्या वर, म्हणून वर्षानुवर्षांच्या घासण्या-आपटण्यात त्याच्या कडा हळूहळू जातात. मोती-पोवळं 3-4 च्या घरात, शिवाय दोन्ही चुन्याच्या जातीची. लिंबाचा रस आणि घामही त्यांना खातो. काकूंना मोती नि पोवळं बदलून दिलं आणि ही अंगठी समारंभापुरती ठेवायला सांगितली. रोजच्यासाठी त्यांनी बंद कोंदणातला नीलम घेतला.

पण नुसत्या आकड्यावर विसंबू नये. एका गिऱ्हाइकाचा 'पुष्कराज' ओट्याच्या कडेवर आपटला आणि सरळ सपाट दुभंगला. त्या सपाट तुकड्यावरूनच कळलं की तो पुष्कराज नव्हे, टोपाझ. टोपाझ 8 वर असतो, पण एका दिशेनं तो फळीसारखा सुटतो. खरा पुष्कराज नीलमाच्याच जातीचा, 9 वर. तो असा सुटत नाही. पाचूचंही तसंच. आकडा साडेसात ते आठ, पण आत जन्मजात भेगा, आणि त्या बहुतेक वेळा तेलानं भरलेल्या. असा पाचू अल्ट्रासोनिक मशीनमध्ये टाकला तर तेल निघून भेगा उघड्या पडतात. आम्ही तो कोमट पाणी नि मऊ ब्रशनंच धुतो.

ओपल आणि टांझानाइटही असेच नाजूक. ते अंगठीत मागितलं की मी स्पष्ट सांगतो: लग्नाला, संध्याकाळच्या जेवणाला घाला, घरी आल्यावर काढा आणि वेगळ्या मऊ कापडात ठेवा. हिऱ्याशेजारी एकाच डबीत टाकलं तर तिथंच चरे पडतात. रोज घालायचंच असेल तर कानात घाला. कान ओट्यावर आपटत नाहीत.