सहेरीचा पेला: दूध, बदाम की सोयाबीन?

रमजानमध्ये आमच्या केदारखेड्यात पहाटे चारलाच चुली पेटतात. रोजा सुरू होण्यापूर्वीचं जेवण म्हणजे सहेरी, आणि तिच्या शेवटी पेलाभर दूध ही आमच्या घरची जुनी रीत. पण आमच्या खालाला अलीकडे दूध सोसत नाही. प्यालं की तासाभरात पोट गुरगुरतं, फुगतं. यंदा तिच्या मुलानं शहरातून बदामाच्या पेयाचे डबे आणले. खाला खूश झाली. बदाम म्हणजे ताकद, असं तिचं गणित होतं.

मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. बदाम 3 टक्के. म्हणजे 200 मिलीच्या पेल्यात 6 ग्रॅम, साधारण पाच बदाम. बाकी मुख्यतः पाणी आणि साखर. पेल्यामागे प्रथिनं जेमतेम 1 ग्रॅम. तेवढ्याच गायीच्या दुधात ती सहा-साडेसहा ग्रॅम असतात, म्हशीच्या दुधात त्याहून जास्त. वरून घातलेली साखर 9 ग्रॅम, म्हणजे सुमारे दोन चमचे. दिवसभराच्या उपाशी पोटासाठी हा सौदा काही फायद्याचा नव्हता.

अशा पेयांवर ‘मिल्क’ हा शब्द लिहिता येत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणानं 2021 मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांना तशी उत्पादनं हटवायला सांगितलं होतं. मात्र पेयाचं नाव बदललं तरी आपण ते दुधाच्याच जागी पितो, म्हणून तुलना करावीच लागते.

प्रथिनांत दुधाच्या जवळ जातं ते मुख्यतः सोयाबीनचं पेय: 100 मिलीला सुमारे 3 ग्रॅम. ओटचं पेय 1 ग्रॅमच्या आसपास राहतं, तर बदामाचं आणि तांदळाचं अर्ध्या ग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही खाली.

साखरेत एक मेख आहे. दुधातही 100 मिलीला पाचएक ग्रॅम साखर असते, पण ती दुधाची स्वतःची, लॅक्टोज. खालाच्या पोटाला तीच पचत नाही. ओट आणि तांदळाच्या पेयात पिष्ट पातळ करण्यासाठी एन्झाइम वापरतात आणि त्या पिष्टाचीच साखर होते. त्यामुळे डब्यावर ‘साखर घातलेली नाही’ असं खरं लिहिलेलं असलं, तरी पेय गोडच असतं. म्हणून ‘एकूण साखर’ आणि ‘वरून घातलेली साखर’ या दोन्ही ओळी वाचाव्यात. मधुमेहींनी तर नक्कीच.

आता सोयाबीन. आपल्या शिवारात ते पिकतं, मग विकत कशाला, असं म्हणून मी घरीच करून पाहिलं. 100 ग्रॅम सोयाबीन रात्रभर भिजवून ते पाणी फेकलं, दाणे वाटून एकूण लिटरभर पाणी घातलं आणि गाळून उकळायला ठेवलं. इथे फसगत होते. खरी उकळी येण्याआधीच फेस भांड्याबाहेर येऊ लागतो आणि आपण गॅस बंद करतो. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनांचं पचन अडवणारे घटक असतात. ते घालवायचे तर फेस बसवून, ढवळत, खरी उकळी आल्यावर आणखी पंधरा-वीस मिनिटं उकळायला हवं. नाहीतर पोट दुखलंच म्हणून समजा.

खालाला हे पेय पचलं. प्रथिनं पेल्याला 5 ग्रॅमच्या आसपास मिळाली, साखर नगण्य. पण कॅल्शियम? गायीच्या दुधाच्या पेल्यात ते सुमारे 240 मिलिग्रॅम असतं. घरच्या सोयाबीनच्या पेल्यात चाळीस-पन्नास मिळालं तरी खूप. प्रौढ माणसाला दिवसाला 1000 मिलिग्रॅम लागतं. विकतच्या डब्यांत ते वरून घातलेलं असू शकतं. घातलं असेल तर घटकांच्या यादीत ‘कॅल्शियम कार्बोनेट’ किंवा ‘कॅल्शियम फॉस्फेट’ दिसतं. ते तळाशी बसतं, म्हणून डबा जोरात हलवूनच ओतावा. नाहीतर निम्मं कॅल्शियम डब्यातच राहतं.

शेवटी खालाचा प्रश्न सुटला तो दह्यानं. विरजणातले जिवाणू काही लॅक्टोज खाऊन टाकतात, प्रथिनं आणि कॅल्शियम मात्र तसंच राहतं. सहेरीला आता वाटीभर दही आणि नाचणीची भाकरी. 50 ग्रॅम नाचणीच्या पिठातही पावणेदोनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. सोयाबीनचा पेला ती कधीमधी घेते.

ज्यांना दुधाच्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं किंवा श्वास लागतो, त्यांना मात्र दहीही चालत नाही. त्यांनी कॅल्शियम घातलेलं, बिनसाखरेचं सोयाबीनचं पेय निवडावं. अर्थात सोयाबीनचीही अ‍ॅलर्जी नाही ना, हे डॉक्टरांना विचारून. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या किंवा डॉक्टरांनी सांगितलेल्या दुधाऐवजी यातलं कुठलंही पेय देऊ नये.

राहिलेल्या बदामाच्या डब्यांचं काय? ते इफ्तारच्या सरबतात गेले. वरची साखर तेवढी खालानं घातली नाही.