गोठणे पुन्हा सुरू करताना

हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्त यंत्रातून फिरवतात. तेथे ते गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात. पण शस्त्रक्रिया संपल्यावर त्यामुळेच रक्तस्राव थांबेना, तर? हेपॅरिनच्या रेणूवर भरपूर ऋण विद्युतभार असतो, तर सामन माशाच्या शुक्राणूंतून मिळणाऱ्या प्रोटामीनवर धनभार. विरुद्ध भार एकमेकांना चिकटतात आणि काही मिनिटांत हेपॅरिन निकामी होते. १०० युनिट हेपॅरिनला सुमारे १ मिलिग्रॅम प्रोटामीन लागते, म्हणजे १८,००० युनिटना १८०. प्रत्यक्षात कमी पुरते, कारण दरम्यान काही हेपॅरिन शरीराने संपवलेले असते. जादा प्रोटामीन तर स्वतःच गोठण्यात अडथळा आणते!

वॉरफरिनशी असे काही चिकटवता येत नाही. ते यकृतात वापरलेले ‘के’ जीवनसत्त्व पुन्हा कामाजोगे होऊ देत नाही, म्हणून रक्त गोठवणारे काही घटक अर्धवट बनतात. ‘के’ जीवनसत्त्व शिरेतून दिले तरी नवे घटक तयार व्हायला कित्येक तास लागतात. मोठ्या रक्तस्रावात तेवढी सवड कुठली? म्हणून सोबत तयार घटकही देतात.

डॅबिगॅट्रान थ्रॉम्बिनलाच अडकवून ठेवते. त्यावरचा उतारा इडारुसिझुमॅब (मान्यता २०१५) हा प्रतिपिंडाचा तुकडा आहे. तो डॅबिगॅट्रानला थ्रॉम्बिनपेक्षा सुमारे ३५० पट घट्ट धरतो, आणि थ्रॉम्बिन मोकळे होते. हेपॅरिन किंवा वॉरफरिनपुढे मात्र त्याचे काही चालत नाही.