पेशी फोडून पाहायची की राखून?

हिवतापाच्या तपासणीसाठी बोटाला सुई टोचली की एकाच काचपट्टीवर रक्ताचे दोन लेप घेतात. एक थेंब सुईच्या किंवा दुसऱ्या काचेच्या कोपऱ्याने गोल फिरवून सुमारे सेंटीमीटरभर रुंद पसरतात. हा जाड लेप. त्याच्या शेजारी दुसरा, लहानसा थेंब दुसऱ्या काचेच्या कडेने एका दमात पुढे ओढतात, तो पातळ लेप. जाड लेप किती जाड हवा? काचेखाली छापील कागद धरला तर ओल्या लेपातून त्यावरची अक्षरं जेमतेम वाचता यावीत, इतका.

खरी गंमत पुढे आहे. पातळ लेप क्षणभर मिथेनॉलमध्ये बुडवतात. त्याने तांबड्या पेशी जशा होत्या तशा काचेला घट्ट होतात. जाड लेपाला मात्र मिथेनॉलचा थेंबही लागू देत नाहीत. मग पाण्यात कालवलेलं गिम्सा रंगद्रव्य दोन्हींवर सोडतात. जाड लेपातल्या तांबड्या पेशींत पाणी शिरतं, त्या फुटतात आणि हिमोग्लोबिन धुऊन जातं. पेशींचे अनेक थर एकावर एक असूनही लेप पारदर्शक होतो. मागे उरतात पांढऱ्या पेशींची केंद्रकं, बिंबिका आणि हिवतापाचे परजीवी. घर पडलं तरी भाडेकरू जागेवरच! त्यामुळे जाड लेपात एका नजरेत कितीतरी जास्त रक्त तपासून होतं. कसलेल्या नजरेला एका मायक्रोलिटरमध्ये पाच-दहा परजीवी असले तरी सापडतात. तरीही निदान शंभर क्षेत्रं पाहिल्याशिवाय ‘निगेटिव्ह’ लिहायचं नसतं.

ही युक्ती 1903 साली सुचवली रोनाल्ड रॉस यांनी. डासाच्या पोटात परजीवी शोधताना सिकंदराबादेत डोळे शिणवलेल्या माणसालाच ती सुचावी, यात मला नवल वाटत नाही.

आता एक काच पाहू. समजा, जाड लेपात 200 पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत 120 परजीवी दिसले. एका मायक्रोलिटरमध्ये 8,000 पांढऱ्या पेशी असतात असं धरतात, म्हणजे हिशेब 120 × 8,000 ÷ 200, उत्तर 4,800. पण हिवतापात पांढऱ्या पेशी बऱ्याचदा कमी होतात. या रुग्णाच्या प्रत्यक्षात 4,000च असतील, तर खरा आकडा 2,400 निघेल. म्हणून पेशींची मोजणी झालेली असेल तर तोच आकडा वापरणं शहाणपणाचं.

हेच 4,800 परजीवी पातळ लेपात शोधा. मायक्रोलिटरमध्ये तांबड्या पेशी सुमारे 50 लाख, म्हणजे हजारात एखादीच बाधित. एका क्षेत्रात अडीचशे पेशी दिसत असतील, तर चार क्षेत्रांमागे एक परजीवी भेटणार. जाड लेपात तेच एका क्षेत्रात आठ-दहा दिसतात. उलट पाच टक्के पेशी बाधित असल्या, तर जाड लेपात इतकी दाटी होते की मोजणं अवघड, तिथे पातळ लेपातली टक्केवारीच उपयोगी पडते. एक टक्का म्हणजे मायक्रोलिटरला सुमारे 50,000.

पण परजीवी कोणत्या जातीचा, हे ओळखायला फुटलेल्या पेशी पुरत नाहीत. पातळ लेपाच्या शेपटीकडे, जिथे पेशी एकाच थरात असतात, तिथे नजर लावायची. व्हायवॅक्सने शिरकाव केलेली पेशी शेजारणींपेक्षा मोठी दिसते, तिच्यात बारीक गुलाबी शुफनर ठिपके असतात आणि परजीवी वेडावाकडा पसरलेला असतो. फाल्सिपेरमची पेशी मूळ मापाचीच राहते. आत नाजूक अंगठी, कधी एकाच पेशीत दोन-तीन, कधी अगदी कडेला चिकटलेली. या जातिभेदाचा संबंध संख्येशीही आहे. व्हायवॅक्स प्रामुख्याने नव्या, कोवळ्या तांबड्या पेशींतच शिरतो आणि त्या थोड्याच असतात, म्हणून त्याची संख्या सहसा आवाक्यात राहते. फाल्सिपेरमला कोणत्याही वयाची पेशी चालते, म्हणून तो बेसुमार वाढू शकतो.

लेप बिघडतो तो बारीकसारीक चुकांनी. मिथेनॉलचा शिंतोडा किंवा वाळवताना दिलेली उष्णता जाड लेपाला लागली, तर पेशी फुटतच नाहीत आणि काच गढूळ दिसते. पाणी आम्लधर्मी असलं तर शुफनर ठिपके उमटत नाहीत. म्हणून पीएच 7.2 ठेवतात. रंगाचे कण आणि बिंबिका नवशिक्याला परजीवी वाटतात. खऱ्या परजीवीत लाल ठिपका आणि निळा भाग दोन्ही हवेत.

काच उत्तम असली तरी फाल्सिपेरम सगळं उघड करत नाही. त्याचे वाढलेले परजीवी अवयवांतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात. बोटाच्या रक्तात दिसतात त्या मुख्यतः कोवळ्या अंगठ्या. म्हणून कमी आकडा आणि गंभीर रुग्ण अशी जोडी दिसते. संशय असेल तर काही तासांनी पुन्हा लेप घेतात. उपचारानंतर वेगळाच घोळ होतो. फाल्सिपेरमची लैंगिक अवस्था, चंद्रकोरीच्या आकाराची, रक्तात काही आठवडे रेंगाळते. ती आजार वाढवत नाही, पण अंगठ्यांच्या बेरजेत धरली तर औषध लागू पडलं नाही असं वाटतं. म्हणून चंद्रकोरींची मोजणी वेगळी लिहितात.