बर्फ आला की टीव्ही मंदावतो

आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांनी ५५ इंची ओएलईडी टीव्ही घेतला. रात्रीच्या दृश्यातला कंदील असा चमकायचा की डोळे दिपावेत. पण पडदाभर बर्फ आला की तोच टीव्ही मलूल व्हायचा, बर्फ राखाडी दिसायचा. मेकॅनिक आला, "पॅनल ओके" म्हणाला आणि गेला. काकांचं काही समाधान झालं नाही.

मेकॅनिक खरं बोलत होता, फक्त कारण सांगायचं राहिलं. साध्या एलईडी टीव्हीत मागे दिवे असतात. ओएलईडीत मागे दिवा नसतोच, प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो. चित्र काळं असेल तर ते ठिपके जवळजवळ वीज खात नाहीत, पांढरं असेल तर सगळे एकदम खातात. सगळे पूर्ण जोराने पेटले तर पॉवर सप्लायला झेपणार नाही, शिवाय पॅनल तापेल आणि ठिपक्यांतला सेंद्रिय पदार्थ लवकर झिजेल. म्हणून चित्रात उजेड किती आहे हे टीव्ही सतत मोजतो आणि तो फार झाला की सगळ्यांचाच जोर कमी करतो. याला एबीएल म्हणतात. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीतही हा प्रकार होताच.

समजा, पडद्याचा दहावा भाग पांढरा असताना टीव्ही ८०० निट उजेड देतो आणि पूर्ण पांढरा झाल्यावर १५०. पाचपटीहून जास्त घट! पण हिशेब करा: ८०० चा दहावा भाग ८०, आणि पूर्ण पडद्याचे १५०. म्हणजे खोलीत येणारा एकूण उजेड उलट जवळपास दुप्पट झाला. टीव्ही काम टाळत नाही, तो त्याच्या मर्यादेला टेकलेला असतो.

काकांकडे लॅपटॉप टीव्हीला जोडला. काळ्या वॉलपेपरवर Notepad ची छोटी पांढरी खिडकी उघडली आणि कोपरा धरून ओढत मोठी केली. पांढरा रंग डोळ्यांदेखत उतरला, लहान केली तसा परत चढला. असं क्षेत्रफळाबरोबर लगेच खाली-वर होत असेल, तर तो एबीएल. ब्राइटनेस बराच उतरवूनही तसंच होत असेल, किंवा एकच पट्टा अंधारा पडत असेल, तर मात्र तक्रार करावी. स्थिर चित्रावर मिनिटा-दोन मिनिटांत हळूहळू येणारा मंदपणा वेगळा. तो चित्राचा डाग पडू नये म्हणून असतो. आणि खोलीतला दिवा घालवल्यावर फरक पडला, तर दोष लाइट सेन्सरचा किंवा इको मोडचा.

उपाय एकच आणि तो थोडा कडू आहे. साध्या चॅनलसाठी पिक्सेल ब्राइटनेस इतका खाली आणायचा की पूर्ण पांढरा पडदाही मर्यादेच्या आत राहील. अंधाऱ्या खोलीत १०० निट पुरतात. उन्हाने भरलेल्या हॉलमध्ये पुरत नाहीत. तिथे हा पडदा घेणंच मला चुकीचं वाटतं.

काकांनी तसं केलं. बर्फ आता एकसारखा पांढरा दिसतो. कंदील पूर्वीसारखा चमकत नाही, आणि हल्ली त्यांची तक्रार त्याबद्दल असते.