तिरप्या रेघेचं चोरटं रूप
ऑक्टोबर 2000 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या आयआयएस या वेब सर्व्हरमधली एक खोड उघडकीला आली. पत्त्यात `../` लिहून वरच्या फोल्डरमध्ये जायला तिथे मनाई होती. पण तिरप्या रेघेऐवजी `%c0%af` लिहिलं, की तपासणीला रेघ दिसतच नसे. नंतर अर्थ लावताना मात्र त्याचीच रेघ होई आणि दार उघडे. पुढच्या वर्षी निमडा या वर्मने हीच वाट वापरली.

यूटीएफ-8 मध्ये ही रेघ `2F` या एकाच बाइटमध्ये मावते. `C0 AF` मधले खुणेचे बिट काढले, तरी उरतं तेच `2F`. उगाच दोन बाइटांत ताणलेलं. म्हणून `C0` आणि `C1` दिसताच नकार द्यायचा. `E0` नंतरचा बाइट `A0` पेक्षा आणि `F0` नंतरचा `90` पेक्षा लहान असेल, तरीही नकारच.

अर्धवट अक्षराचा धोका वेगळा. आपला ‘क’ म्हणजे `E0 A4 95`. कुणी `E0 A4` वरच थांबून पुढे अवतरणचिन्ह ठेवलं, तर भाबडा पार्सर तेच तिसरा बाइट समजून गिळतो आणि मजकूर कुठे संपला हेच त्याला कळत नाही. मजकूरच संपला असेल, तर तो शेजारची मेमरी वाचू लागतो. त्यामुळे आधी किती बाइट शिल्लक आहेत ते पाहायचं, मग पुढचा प्रत्येक बाइट `80` ते `BF` मध्ये आहे ना ते. नेटवर्कवरून तुकड्यातुकड्याने येणाऱ्या मजकुरात मात्र घाई नको: तुकड्याच्या टोकाचं अर्धं अक्षर राखून ठेवायचं आणि सगळा मजकूर संपल्यावरही ते अपुरंच राहिलं, तरच चूक म्हणायचं.