वास आला, तरी पाय का निघत नाहीत?

३ जून २०२१ च्या रात्री बदलापुरात एका कारखान्यातून वायुगळती झाली आणि दूरपर्यंतच्या लोकांना श्वास घेणं जड गेलं. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या नाकांना रासायनिक वासाची सवय झालीय. त्यामुळे आपण आधी म्हणतो, 'रोजचंच आहे.' मग खिडकीतून बघायचं, शेजाऱ्यांना विचारायचं, मुलांना उठवायचं, दादीची औषधं आणि कागदपत्रं शोधायची. इशारा मिळाल्यापासून पहिलं पाऊल पडेपर्यंतचा हा वेळ जिना उतरण्याच्या वेळेपेक्षा जास्त असू शकतो.

समजा, वारा सेकंदाला दोन मीटर वेगाने आपल्याकडे येतोय. सहाशे मीटरवरच्या घरापर्यंत वायू पाच मिनिटांत पोहोचेल. आपल्याला निघायलाच दहा मिनिटं लागली, तर दार उघडून आपण थेट वायूतच शिरू. म्हणून नियोजनात फक्त रस्ता मोजून भागत नाही, हा वेळही धरावा लागतो. तो पुरत नसेल, तर खिडक्या-दारं, पंखे-एसी बंद करून, फटींत ओली फडकी कोंबून आत थांबणंच बरं. (घरालाच आग लागली तर हे चालणार नाही, तिथे निघायचंच.)

नुसता भोंगा वाजला की लोक एकमेकांकडे बघतात. 'गळती झालीय, खिडक्या बंद करा, बाहेर पडू नका,' असं आपल्या भाषेत सांगितलं की विचारपूस कमी होते.